नाणं ओळखणारी ॲप आणि नाण्याची नोंद: खानदेशातल्या छंदिष्टांसाठी एक आढावा

जळगावच्या सराफ बाजारात मोडीत आलेली चांदी वजनावर जाते. त्या ढिगात कधी व्हिक्टोरिया राणीचा रुपया असतो, कधी सातपुड्याकडून आलेल्या माळेतला कडी झाळलेला रुपया, आणि कधी फारसी अक्षरांचा, वेडावाकडा, जाडजूड मुघल किंवा मराठा काळातला रुपया. खानदेशातल्या बहुतेक नाणेसंग्राहकांचा माल इथूनच येतो. काही धुळ्याच्या जुन्या भांड्यांच्या दुकानांतून येतो, काही आठवड्याच्या बाजारातून आणि थोडा घरच्या पेटीतून. संग्रह शंभराच्या पुढे गेला की कोणतं नाणं कधी, कुठून, कितीला घेतलं हे डोक्यात राहत नाही आणि माणूस मोबाइलवर ॲप शोधू लागतो.

ॲप पुष्कळ आहेत. पण त्यांच्यात दोन वेगळी कामं मिसळून गेली आहेत: नाणं ओळखणं आणि नाण्याची नोंद ठेवणं. ही कामं वेगळी ठेवली नाहीत तर खानदेशी संग्रहाचं काय होतं, ते या आढाव्यात मुख्यतः पाहू. भर नाण्यांवर आहे. तिकिटं आणि जुन्या वस्तू जिथे वेगळं काही सांगतात तिथे त्यांच्याकडे वळू.

आधी ओळखीची ॲप. कॉइनोस्कोप आणि कॉइनस्नॅप ही त्यांतली सर्वांत जास्त वापरली जाणारी. फोटो काढायचा, ॲप त्याच्यासारखी दिसणारी नाणी समोर मांडतं. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी, म्हणजे ढोबळमानाने १८३५ नंतरच्या ब्रिटिश भारताच्या आणि स्वतंत्र भारताच्या नाण्यांसाठी, हे काम चांगलं होतं. प्रत्येक नाण्यावर पूर्ण चित्र सारख्याच जागी असतं, त्यामुळे चित्राला चित्र जुळतं. पंचम जॉर्जचा रुपया समोर धरला तर ॲप क्षणात नाव सांगेल, सन वाचेल आणि प्रकारही बहुधा बरोबर देईल.

पण त्याच रुपयात ॲपला न दिसणाऱ्या गोष्टी असतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, ती नाणी मोठ्या प्रमाणावर परत घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला गेला. दोन्ही नाणी फोटोत जवळजवळ सारखी. ॲपने सन चुकीचा वाचला तर दुर्मीळ नाणं साधं ठरतं किंवा साधं नाणं दुर्मीळ. म्हणून ॲपने सांगितलेला सन भिंगाखाली स्वतः वाचून घ्यावा, आणि मग हत्तीची सोंड पाहावी.

त्याहून बारीक गोष्ट १८६२ च्या रुपयाची. व्हिक्टोरियाच्या या रुपयावर सन १८६२ असला तरी तो १८७४ पर्यंत पाडला जात होता. सन तोच गोठवून ठेवला होता. मुंबईच्या टांकसाळीने मात्र कोणत्या वर्षी पाडला हे सांगण्यासाठी सनाच्या वर-खाली ठिपके दिले. आपल्या भागात मुंबईचीच नाणी जास्त येतात, म्हणून ठिपके मोजल्याशिवाय १८६२ च्या रुपयाची नोंद पूर्ण होत नाही. ओळख ॲप ठिपके मोजत नाही. ते ‘१८६२’ म्हणतं आणि थांबतं. घासलेल्या नाण्यावर ठिपका आहे की ओरखडा, हे तिरप्या उजेडात नाणं फिरवूनच कळतं. ठिपका उठावाचा असतो, त्याला सावली पडते. ओरखडा आत गेलेला असतो.

हे झालं यंत्राच्या नाण्यांचं. खानदेशच्या संग्राहकाकडचा सर्वांत मोलाचा माल मात्र हाताने पाडलेला असतो, आणि तिथे ओळख ॲप जवळजवळ हात टेकतात. कारण साधं आहे. मुघल आणि मराठा टांकसाळींत ठसा हा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे. घण मारला की ठशाचा जो भाग चकतीवर बसेल तेवढाच उमटे. एकाच ठशातून निघालेल्या दोन रुपयांपैकी एकावर बादशहाचं नाव दिसेल, दुसऱ्यावर सन. म्हणजे ॲपला जुळवायला एक ठरावीक चित्र नसतंच. ते मग ‘मुघल साम्राज्य, रुपया’ असं काहीतरी मोघम सांगतं किंवा भलत्याच बादशहाकडे बोट दाखवतं. खाली किंमतही देतं, आणि ती किंमत त्या नाण्याची नसून तशा प्रकारच्या कुठल्यातरी नाण्याची असते.

आता एक रुपया शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, सराफाकडे मोडीत आलेला औरंगजेबाचा वाटणारा एक रुपया घेतला. आपल्या भागात हा बहुधा बुरहानपूरचा निघतो. आसिरगड अकबराच्या हाती १६०१ च्या जानेवारीत पडला आणि खानदेश मुघल सुभा झाला. बुरहानपूर हे त्याचं मुख्य ठिकाण, आणि तिथली टांकसाळ मुघल काळात चालू होती. आज बुरहानपूर मध्य प्रदेशात असलं तरी नाण्यांच्या बाबतीत जळगाव-धुळे आणि बुरहानपूर हे एकच अंगण.

ॲप उघडण्याआधीच पहिलं काम वजनाचं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो, नाहीतर सराफाच्या काट्यावर करून घ्यावं. समजा ११.४२ ग्रॅम आलं. मुघल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा, म्हणजे थोडी झीज धरून हे बरोबर बसतं. (ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. सराफाकडे हे प्रमाण तोंडपाठ असतं.) मग चांदी तपासायची. नाणं दोऱ्याने बांधून पाण्याच्या पेल्यात, तळाला किंवा कडेला न टेकता, लोंबतं ठेवायचं. पेला काट्यावर ठेवून काटा आधी शून्यावर आणलेला असला की नाणं बुडल्यावर काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. समजा १.१० ग्रॅम आला. ११.४२ ला १.१० ने भागलं की १०.३८ येतं. शुद्ध चांदीची घनता १०.४९, त्यामुळे १०.३८ हे चांगल्या चांदीचं लक्षण. आठ-साडेआठच्या आसपास आकडा आला तर ते जर्मन सिल्व्हर किंवा पितळेला मुलामा दिलेलं काहीतरी आहे. हवेचे बुडबुडे नाण्याला चिकटले तर आकडा बिघडतो, म्हणून नाणं पाण्यात हलकेच झटकून घ्यावं.

या चाचणीतून ओतीव नकली नाणं नेहमीच पकडलं जात नाही, कारण नकली नाणंही कधी चांदीचंच असतं. त्यासाठी कड पाहावी. ओतलेल्या नाण्याच्या कडेवर जोडाची बारीक रेष दिसते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात. अक्षरांच्या कडा मऊ असतात आणि मोकळ्या जागेत बारीक पुटकुळ्या असतात. घणाखाली पाडलेल्या नाण्याची कड थोडी फाटलेली, तडकलेली असते आणि अक्षराची धार हाताला लागते.

मग वाचन. फारसी येत नसली तरी चालतं; आकडे ओळखायला शिकलं आणि ‘जर्ब’ व ‘पूर’ हे दोन शब्द डोळ्यात बसले तरी बरंच काम होतं. ‘जर्ब’ म्हणजे पाडलं, त्याच्या जवळपास टांकसाळीचं नाव. इथेच मोठी गफलत होते. नाण्यावर फक्त ‘पूर’ उमटलेलं असतं आणि संग्राहक लगेच ‘बुरहानपूर’ लिहून मोकळा होतो. औरंगजेबाची नाणी विजापूरहून आणि सोलापूरहूनही निघालेली आहेत, तीही ‘पूर’च. ‘पूर’च्या आधीची अक्षरं दिसत नसतील तर नोंदीत ‘टांकसाळ: …पूर, बुरहानपूर असावी’ असं लिहावं. दिसलेलं एका रकान्यात आणि आपण लावलेला अर्थ दुसऱ्यात, हा नियम पाळला की पुढे कुणीतरी तो अर्थ सुधारू शकतो.

सनाची तपासणी आणखी सोपी. मुघल रुपयावर दोन आकडे असू शकतात: एका बाजूला हिजरी सन, दुसऱ्या बाजूला राज्यारोहणापासूनचं वर्ष, ज्याला जुलूस म्हणतात. औरंगजेबाचं जुलूस १०६८ हिजरीच्या रमजानपासून मोजलं जाई. म्हणून त्याच्या रुपयावर हिजरी सनातून जुलूस वजा केलं की १०६७ किंवा १०६८ यायला हवं. आपल्या रुपयावर ११०१ आणि ३३ वाचलं असेल तर वजाबाकी १०६८, जमलं. ११०१ आणि ३४ असेल तर १०६७, तेही जमलं. पण ११०१ आणि २३ वाचलं असेल तर वजाबाकी १०७८ येते, म्हणजे आपण बहुधा ३ ला २ वाचलं आहे. फारसी २ आणि ३ यांत एका दाताचाच फरक असतो आणि झिजलेल्या नाण्यावर तो दात जातो. क्वचित खरोखरच न जुळणाऱ्या ठशांची जोडी मिळते, पण आधी स्वतःच्या वाचनावर शंका घ्यावी. ११०१ हिजरी म्हणजे ऑक्टोबर १६८९ ते ऑक्टोबर १६९०, म्हणून इसवी सनाच्या रकान्यात ‘१६८९–९०’ लिहावं, एकच वर्ष नको.

एवढं झाल्यावर न्यूमिस्टा उघडावं. न्यूमिस्टा हा संग्राहकांनीच मिळून वाढवलेला नाण्यांचा जगभराचा सूचीकोश. वापरायला फुकट, आणि आज हौशी संग्राहकासाठी यापेक्षा उपयोगी साधन दुसरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक असतो आणि प्रकाराखाली वर्ष व टांकसाळीप्रमाणे ओळी असतात. आपल्या नाण्यासमोरच्या ओळीत ‘माझ्याकडे आहे’ असं नोंदवलं की ते आपल्या संग्रहात जातं. तिथे प्रत, किंमत, घेतल्याची तारीख आणि जागा, ठेवण्याची जागा, स्वतःचा क्रमांक, वजन आणि खाजगी टिपण यांसाठीही रकाने आहेत. बहुतेक जण प्रत आणि किंमत भरतात, बाकीचे रिकामे सोडतात.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांत न्यूमिस्टाची ही ओळींची रचना फार कामाला येते. त्याच वर्षाचा तोच रुपया मुंबईचा, कोलकात्याचा, हैदराबादचा आणि नोएडाचा असा चार प्रकारचा असू शकतो. सनाखाली चौकट ठिपका म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. मुलं गल्ल्यातल्या चिल्लरमधून हा संग्रह करू शकतात आणि कुठली ओळ रिकामी आहे ते न्यूमिस्टावर लगेच दिसतं.

पण मराठा रुपयांकडे आलो की न्यूमिस्टाचीही हद्द कळते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बुरहानपूर मराठ्यांकडे आलं आणि पुढे शिंद्यांकडे. टांकसाळ चालू राहिली, पण नाण्यावर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं. चांदवडच्या होळकरांच्या टांकसाळीतूनही असेच रुपये निघत. नाव बादशहाचं, सत्ता मराठ्यांची, आणि खरा भेद बारीक चिन्हांत: एखादं फूल, त्रिशूळ, शस्त्र किंवा ठिपक्यांची रचना. ॲपमध्ये बादशहाच्या नावाने शोधलं तर हा रुपया मुघलांत सापडत नाही. तो मराठा किंवा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाखाली शोधावा लागतो. आणि आपल्या नाण्यावरचं चिन्ह कोणत्याच प्रकाराच्या फोटोशी जुळलं नाही, तर? मग न्यूमिस्टात तो प्रकार नव्याने सुचवावा लागतो, तपासणारे स्वयंसेवक तो पाहतात, आणि तोवर आपलं नाणं संग्रहात बसवायला जागा नसते. संग्राहक कंटाळून जवळच्या प्रकारात ते ढकलून देतो. खानदेशातलं सर्वांत वेगळं नाणं अशा रीतीने दुसऱ्याच नाण्याच्या नावाखाली गाडलं जातं.

अशा वेळी दोन जागा मदतीला येतात. एक, झेनो नावाचा पूर्वेकडच्या नाण्यांचा मोठा चित्रसंग्रह. तिथे लोक आपल्या नाण्यांचे फोटो ठेवतात आणि जाणकार खाली वाचन दुरुस्त करतात, त्यामुळे एकाच टांकसाळीची अनेक नाणी शेजारीशेजारी पाहता येतात. दुसरी जागा पुस्तकाची: महेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टांकसाळी आणि नाण्यांवरचं १९८९ चं पुस्तक. ते नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलं. मराठा रुपयांच्या चिन्हांसाठी आजही तेच हाताशी लागतं. मिंटेज वर्ल्ड हे भारतीय संकेतस्थळ राजवटींप्रमाणे नाणी, नोटा आणि तिकिटं दाखवतं. नव्या संग्राहकाला राजवटींचा क्रम समजायला ते चांगलं, पण सूक्ष्म प्रकारभेदासाठी पुरत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. न्यूमिस्टा नाण्याच्या प्रकाराची नोंद ठेवतं. आपल्याला आपल्या नाण्याची, त्या एका तुकड्याची, नोंद हवी आहे. ही नोंद स्वतःच्या फाइलमध्ये असावी आणि प्रकाराचा क्रमांक हा तिच्यातला फक्त एक रकाना असावा.

यासाठी फुकट साधनांत ओपनन्यूमिस्मॅट मला सर्वांत योग्य वाटतं. ते संगणकावर चालतं, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर, आणि सगळा संग्रह फोटोंसकट एकाच फाइलमध्ये ठेवतं. इंटरनेट नसलं तरी ते चालतं. कंपनी बंद पडण्याची भीती नाही, कारण फाइल आपल्याकडे आहे आणि ती एका सर्वपरिचित डेटाबेस प्रकारातली असल्याने दुसऱ्या साधनांनीही उघडता येते. नाण्याची स्थिती (माझ्याकडे आहे, हवं आहे, विकलं), विकणारा, जागा, किंमत, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, सगळ्याला जागा आहे. मजकूर देवनागरीत लिहिता येतो. कोष्टक भरण्याची सवय असलेल्याला आधी ते जड वाटतं, पण न लागणारे रकाने लपवता येतात.

ज्यांना नवं काही शिकायचं नाही त्यांनी एक्सेल किंवा गूगल शीट वापरावं, हरकत नाही. फक्त काही खोडी आधीच माहीत असाव्यात. जुलूस ‘१/१२’ असं काही लिहिलं की शीट त्याची तारीख करून टाकते. क्रमांक `0147` लिहिला की पुढचं शून्य उडतं. म्हणून सुरुवातीलाच सगळे रकाने साध्या मजकुराचे करून घ्यावेत. एक्सेलला १९०० पूर्वीच्या तारखा तारीख म्हणून समजतच नाहीत, तेव्हा जुना सन मजकूर म्हणूनच राहू द्यावा. आणि सीएसव्ही फाइल काढून दुसरीकडे उघडल्यावर मराठीच्या जागी `à¤` अशी अक्षरं दिसली तर फाइल बिघडलेली नसते. ती उघडताना `UTF-8` निवडायचं राहिलेलं असतं.

रकाने किती ठेवावेत? माझ्या मते थोडे, पण सगळे भरलेले. आपल्या रुपयाची नोंद अशी दिसेल:

```
क्रमांक   : 0147
काय आहे  : रुपया, चांदी, हाताने पाडलेला
वाचलेलं   : ...पूर; हिजरी 1101; जुलूस 33
अर्थ      : औरंगजेब, बुरहानपूर असावी, 1689-90
वजन/व्यास: 11.42 ग्रॅम / 22.5 मिमी
घनता     : 10.38
खुणा      : काठावर सराफी छाप 2; कडी काढल्याचा डाग
मिळालं   : जळगाव, सराफ बाजार, मोडीतून
मूळ गाव   : विकणाऱ्याच्या सांगण्यावरून चोपडा तालुका
फोटो      : 0147_a.jpg, 0147_b.jpg
```

क्रमांक एकदा दिला की तो त्या नाण्याचाच. नाणं विकलं, हरवलं, दिलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. नाण्याच्या पाकिटावर तोच क्रमांक पेन्सिलीने, फोटोच्या फाइलचं नावही तेच. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवले तर ते दाबले जातात आणि बारीक चिन्ह पुसलं जातं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. प्रत्येक फोटोत नाण्याशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवली की व्यास पुन्हा मोजायची वेळ येत नाही.

‘खुणा’ आणि ‘मूळ गाव’ या दोन रकान्यांवर मी अधिक भर देतो. सराफी छाप म्हणजे चांदी तपासण्यासाठी सराफांनी मारलेली बारीक खूण. परदेशी सूचीपद्धतीत तिला दोष धरतात आणि प्रत एक पायरी उतरवतात. आपल्यासाठी ती माहिती आहे: नाणं किती हातांतून फिरलं याची ती साक्ष. कडी झाळल्याचा डागही तसाच. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा बायकांच्या गळ्यातल्या माळांत ही नाणी होती, हे त्या डागातूनच कळतं. ॲपच्या प्रतीच्या यादीत ‘कडी काढलेली’ असा पर्याय नसतो. तो आपण लिहायचा असतो.

मूळ गावाचं महत्त्व याहून मोठं. एखाद्या तालुक्यातून चांदवडचे रुपये किती आले आणि बुरहानपूरचे किती, हे पुरेशा नोंदी असतील तर सांगता येईल. होळकरांचा पैसा पूर्वेकडे कुठवर आणि शिंद्यांचा पश्चिमेकडे कुठवर चालत होता, हा खानदेशच्या अर्थकारणाचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कोणत्याही ॲपच्या साठ्यात नाही. ते मोडीत जाण्याआधी सराफाला विचारलेल्या एका प्रश्नात आहे. धुळ्याला हे वेगळं सांगायला नको. ज्या राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, पहिला १८९८ मध्ये, त्यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झालं आणि पुढच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. जुना कागद कोणाच्या घरातून, कुठल्या दप्तरातून मिळाला, हे कागदाइतकंच महत्त्वाचं असतं, ही शिस्त त्या परंपरेची आहे.

मूळ गाव लिहिताना कायद्याची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जमिनीत सापडलेलं धन हे १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली येतं. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नांगराला लागलेलं मडकं नाण्यांचं असेल तर ते विकत घेण्याचा नाही, कळवायला लावण्याचा विषय आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. संग्रहात ठेवायला हरकत नाही, पण परदेशी पाठवता येत नाही. न्यूमिस्टावर परदेशी संग्राहकांशी अदलाबदल करण्याची सोय आहे, तिथे हे विसरू नये. आपण अदलाबदलीसाठी ठेवावीत ती स्वातंत्र्यानंतरची नाणी.

तिकिटांकडे वळू. इथे कोलनेक्ट हे सर्वांत मोठं सूचीसाधन. त्याचा मोठा फायदा म्हणजे एकाच तिकिटाचे वेगवेगळ्या छापील सूचींतले क्रमांक ते शेजारी देतं. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेलं गांधीजींचं दीड आण्याचं तिकीट स्टॅनले गिबन्समध्ये ३०५, स्कॉटमध्ये २०३. दुकानदार एक बोलतो, पुस्तक दुसरं सांगतं, तेव्हा हे जुळवून घ्यायला कोलनेक्ट लागतं.

पण तिकिटाच्या पाठीमागे ॲप पाहू शकत नाही. १ एप्रिल १९५७ पासून नव्या पैशांत भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली. त्यांच्या कागदात आधी चांदण्यांचं जलचिन्ह होतं, पुढे १९५८ पासून अशोकस्तंभाचं आलं. समोरून रंग आणि चित्र तेच. ॲप पहिलं जुळलेलं चित्र दाखवेल, आणि दोन वेगळी तिकिटं एका ओळीत जातील. काळ्या तबकडीत तिकीट उलटं ठेवून पाठीमागून जलचिन्ह पाहावं, न दिसल्यास थोडं पेट्रोलियम बेंझिन घालावं, तेही उघड्या खिडकीजवळ आणि ज्योतीपासून लांब. हे केल्याशिवाय नकाशाच्या तिकिटाची नोंद करू नये.

आणि खानदेशी टपालाच्या अभ्यासकाला तिकिटापेक्षा शिक्का महत्त्वाचा असतो. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जुन्या लिफाफ्यांवर धुळ्याचं नाव इंग्रजीत वेगळ्या वर्णांत, `DHULIA` असं येतं. कोणत्याही तिकीट ॲपमध्ये गावाच्या शिक्क्यासाठी धड रकाना नाही, आणि तो होण्याचीही चिन्हं नाहीत. त्यामुळे लिफाफ्यांसाठी स्वतःचं शीटच बरं: शिक्क्यावरचं गाव जसंच्या तसं, तारीख, कुठून कुठे गेलं, तिकीट कोणतं. लिफाफ्यावरून तिकीट पाण्यात सोडवू नये, हे लिहिण्याचीही गरज पडू नये, पण अजून लोक सोडवतात.

घरातल्या जुन्या वस्तूंसाठी, म्हणजे लामणदिवा, अडकित्ता, पानदान, घंगाळ, धान्याची मापं यांच्यासाठी, ॲपमध्ये तयार सूची नाहीच, कारण तशी सूची जगातच नाही. इथे वापरावी ती ऑब्जेक्ट आयडी ही पद्धत. चोरीला गेलेल्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून ती तयार झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. आज ती संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे, आयकॉमकडे आहे. ती मुख्यतः हे विचारते: वस्तूचा प्रकार, साहित्य आणि कारागिरी, मापं, वस्तूवरची अक्षरं व खुणा, वेगळेपण (पोचा, डाग, दुरुस्ती), काळ, करणारा, आणि फोटो. शेवटी थोडं वर्णन. मेमेंटोसारख्या मोबाइल डेटाबेसमध्ये हे रकाने स्वतः बनवता येतात. त्यात मी एक रकाना वाढवीन: घरातल्या थोरल्या बाईने त्या वस्तूला अहिराणीत काय म्हटलं, ते.

किमतींबाबत एक इशारा. ओळख ॲप ‘रामदरबार’च्या किंवा हनुमानाच्या तांब्याच्या चकत्यांना ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं म्हणून नाव देतात. त्यांच्यावर १६१६, १७१७, १८१८ असे सन असतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ही देवस्थानी विकली जाणारी किंवा फसवणुकीसाठी केलेली टोकन आहेत. जुन्या नोटांना लाखो रुपये देतो सांगून आधी शुल्क मागणारे फोनही येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की ती जुन्या नोटा-नाण्यांचा असा व्यवहार करत नाही आणि कोणाला तो करायला नेमतही नाही. ॲपमधल्या किमतीच्या आकड्याला संग्रहाच्या नोंदीत जागा देऊ नये. लिहायचीच तर आपण खरोखर दिलेली किंमत लिहावी.

संग्रहाची सार्वजनिक यादी करताना फोनच्या फोटोंतली जागेची माहिती बंद ठेवावी. घराचा पत्ता फोटोसोबत जाऊ देण्याचं काहीच कारण नाही.

तेव्हा निर्णय असा: ओळखण्यासाठी न्यूमिस्टा, मराठा नाण्यांसाठी झेनो आणि पुस्तक, तिकिटांसाठी कोलनेक्ट, आणि खरी नोंद ओपनन्यूमिस्मॅटमध्ये किंवा स्वतःच्या शीटमध्ये. न्यूमिस्टा आणि कोलनेक्टवरची यादी दर सहा महिन्यांनी उतरवून घ्यावी. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर असावी आणि एक छापील प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असलेल्या जागी.

आणि जळगाव-धुळ्यातल्या संग्राहकांना एक विनंती. तुमच्याकडे बुरहानपूर, चांदवड किंवा ओळख न पटलेले मराठा रुपये असतील, तर त्यांचं मूळ गाव आणि चिन्हाचा स्पष्ट फोटो यांची यादी करा. किमती आणि पत्ते वगळून ती इतिहासाच्या अभ्यासकांना किंवा अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेला दाखवा. मोडीत गेलेला रुपया परत येत नाही, पण तो कोणत्या गावातून आला होता हे सराफाला आजही विचारता येतं.